काकांना कळेल असं भाषण

मागच्या निरोपाच्या कार्यक्रमात कारकुनाने घोळ घातला होता. भाषण मनातल्या मनात वाचून ते दोन मिनिटांचं आहे असं ठरवलं, कागद तोंडासमोर धरला आणि साडेचार मिनिटं वाचत राहिला. ज्या बाईंना निरोप द्यायचा होता, त्यांनीच शेजारणीला विचारलं, "कोणाबद्दल चाललंय गं?" तेव्हापासून रुग्णालयाच्या धुलाईखान्यात त्याचं नाव पडलं ते 'पोथी'.

आता मशीनवाले काका निवृत्त व्हायचे होते, आणि लिहायची हौस दुसऱ्या कोणालाच नसल्यामुळे काम पुन्हा पोथीच्याच गळ्यात पडलं. तीस वर्षं धुलाईयंत्रांशेजारी उभं राहून काकांचे कान अधू झालेले. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ताडत. त्यात पाळी बदलताना तिन्ही यंत्रं एकदम थांबतात ती दोनच मिनिटं. काकांचा निरोप काकांनाच कळला नाही, तर भाषण करायचं कशाला?

पोथीने मसुदा इस्त्रीवाल्या मावशींना ऐकवला.

"'कर्तव्यतत्पर, मितभाषी'... थांब रे," मावशी म्हणाल्या. "हे कोणालाही चिकटतं. माझ्या सासऱ्यांनाही चिकटवलं होतं, आणि ते कसे होते ते मला विचार."

"मग ठेवू काय?"

"एकच किस्सा. एका वाक्यात एकच गोष्ट. आणि कागद घरी ठेव."

पाचशे शब्दांचे दीडशे झाले. उरलेला वेळ हसण्यासाठी. मावशी कानात कापूस घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहायच्या. वाक्य कळलं नाही की हात वर. पोथी ते वाक्य मोडून पुन्हा बोलायचा, घड्याळ लावून, मोठ्याने. पहिलं आणि शेवटचं वाक्य तर त्याने झोपेतही चुकू नये इतकं घोटलं.

यंत्रं थांबली. सरबताचे ग्लास हातात आले. पोथी काकांच्या समोर उभा राहिला.

"काका, तुम्हाला एकदा चादरीत कवळी सापडली. तुम्ही ती धुतली. वॉर्डात नेली. अकरा खाटा फिरलात. बाराव्या खाटेवरच्या आजोबांना ती बसली. आजोबा म्हणाले..."

इथे तो थांबला.

"'बरं झालं. आता नर्सशी नीट भांडता येईल.'"

सगळे हसले. काका क्षणभर उशिरा, पण सगळ्यांहून मोठ्याने. त्यांचं हसू संपेपर्यंत पोथी गप्प राहिला, आणि मग पुढे बोलू लागला. दोन मिनिटं भरायला दहा सेकंद असताना त्याने ग्लास उचलला.

"जे दुसऱ्यांना मळक्या कपड्यांचं गाठोडं दिसलं, त्यात तुम्हाला माणूस दिसला. काकांसाठी."

ग्लास वर गेले. मागे पहिलं यंत्र घरघरायला लागलं.

काकांनी डोळे पुसले आणि पोथीचा कान धरला. "सगळं कळलं. पण साहेबांचा कोट मी गुलाबी केला होता, ते कुठे गेलं?"

"दोन मिनिटांत बसलं नाही, काका."

"मग ते तुझ्याकडे बाकी," काका म्हणाले.