ठिपका खाली आला तेव्हा

शाळकरी मुलांच्या परीक्षांसाठी सराव प्रश्नसंच काढणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे आकृतीताई म्हणत. पहिल्या जोडीत जे बदलतं तेच दुसऱ्या जोडीत बदला, किंवा चारांतली वेगळी आकृती ओळखा, असे प्रश्न ती वर्षानुवर्षं काढत आली होती. घरी नवरा थट्टेने म्हणायचा, "भाकरी तरी गोल कर, तिला कोपरे काढू नकोस."

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तिनेच हे काम शिकवलं होतं. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा दोघांपैकी एकाला मिळणार हे उघड होतं. दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

तेवढ्यात तिच्या एका प्रश्नाबद्दल पालकांची तक्रार आली. मालकांनी दोघांना बोलावून तो प्रश्न टेबलावर ठेवला. पहिल्या जोडीत मोठा पांढरा चौकोन, वरच्या डाव्या कोपऱ्यात काळा ठिपका. त्याचा झाला लहान काळा चौकोन, वरच्या उजव्या कोपऱ्यात पांढरा ठिपका. दुसऱ्या जोडीत मोठं पांढरं वर्तुळ, ठिपका खाली डावीकडे.

"आकार लहान होतो, रंग उलटतो, ते कळलं," मालक म्हणाले. "पण ठिपका जातो कुठे?"

घड्याळाच्या दिशेने पाव फेरा दिला तर तो वर डावीकडे जात होता. आरशासारखं उलटवलं तर खाली उजवीकडे. दोन्ही पर्याय छापलेले होते.

"साहेब, मी तेव्हाच ताईंना म्हटलं होतं," सहकारी हळू आवाजात म्हणाला, "दोन उत्तरं निघतील म्हणून."

तो असं काहीच म्हणाला नव्हता. तिने मुळात वर्तुळातला ठिपकाही वर डावीकडेच काढला होता; तिथून फिरवा की उलटवा, तो वर उजवीकडेच जातो. "फार सोपं झालंय ताई, खाली घ्या की," असं म्हणणारा हाच होता. तिने घेतला, उत्तर पाव फेऱ्याचं धरलं आणि दुसरा नियम तपासला नाही. कोणी हसत काही सुचवलं की माणूस तपासत बसत नाही.

"बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?" मालकांनी विचारलं.

"प्रश्न माझाच आहे," ती म्हणाली. "पण मला कोणी सावध केलं नव्हतं."

मालकांनी दोघांकडे पाहिलं. त्याच आठवड्यात जागा त्याला मिळाली.

जिन्यात तो मागून आला. "ताई, मनात ठेवू नका हं. कामात चालायचंच."

"ठिपका खाली घ्या, असं कोण म्हणालं होतं?"

तो एक पायरी उतरला. "म्हटलं असेन. पण काढला तुम्ही ना?"

तेवढं एक वाक्य खरं होतं, आणि नेमकं तेच त्याने तिच्यापुढे ठेवलं होतं. त्याला पुढे जाऊ देऊन ती कठड्याला धरून उभी राहिली.