पर्समधली ट्यूब

बाळंतपणानंतर माझ्या गालांवरचे तपकिरी डाग गडद होत गेले. ‘वांग आलंय,’ सासूबाई म्हणाल्या. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला वाटलं, त्या माझ्या तोंडाला वांगं म्हणतायत. वांग म्हणजे हेच डाग, हे मला नंतर कळलं. त्यांनी मेडिकलमधून आणून दिलेली ट्यूब रोज लावू लागले. डाग फिकटले, पण गाल जळायला लागले.

नांदेडच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘चेहऱ्याला काही लावता का?’

‘न्हाई हो मॅडम,’ माझ्याआधी सासूबाई बोलल्या. ‘हळद-बेसन, बास.’

ट्यूब माझ्या पर्समध्ये होती. काढली तर भोकरला पोचल्यावर घरात काय होईल, ते मला माहीत होतं. मी बाळ सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि ट्यूब टेबलावर ठेवली.

‘यात स्टेरॉइड आहे. त्यानं कातडी पातळ होते,’ डॉक्टर म्हणाल्या. ट्यूब बंद केल्यावर काही दिवस लाली वाढेल, असंही त्यांनी सांगितलं. अंगावर पाजताना चालणारं ॲझेलिक ॲसिडचं मलम लिहून दिलं. उन्हासाठी नुसता स्कार्फ पुरणार नव्हता. रंग असलेलं सनस्क्रीन दोन बोटं भरून, बाहेर असताना दर दोन तासांनी लावायचं होतं.

‘मग जाईल ना?’ सासूबाईंनी विचारलं.

‘फिकट व्हायलाच महिने लागतील. ऊन लागलं की परत गडद होईल. पूर्ण जाईलच असं नाही.’

ऑटोत बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘म्हंजे मीच तुझं तोंड जाळलं म्हण की.’

एरवी मी लगेच ‘तसं नाही, आई’ म्हणते. या वेळी म्हणाले नाही.

ऑटो वळली, माझ्या गालावर ऊन आलं, ते त्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, ‘हिकडं सरक. तिकडून ऊन येऊन राहिलंय.’