अध्यक्षाचं दोन वाक्यांचं भाषण

भंडाऱ्याचा वास आला की मला पणदऱ्याजवळच्या आमच्या वाडीतली, पंचवीसेक वर्षांपूर्वीची ती सभा आठवते. विश्वस्तांनी मला बिरोबा ट्रस्टचा अध्यक्ष निवडलं होतं. कपाळभर भंडारा लावून मी नम्रपणे म्हणालो, "मी लायक न्हाय. दुसऱ्या कुणालाबी करा."

इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिव तात्यांचं पेन थांबलं. "अध्यक्ष, ह्ये लिहिलं तर नकार ठरंल. धर्मादाय कार्यालयात अध्यक्ष बदलल्याचा अर्ज कुणाच्या नावानं करू? पद पायजे का न्हाय?"

पाहिजे होतं की! नवा सदरा उगाच शिवला होता काय?

"स्वीकारतो," मी घाईनं म्हणालो. "जत्रेआधी पाण्याची टाकी बांधू."

सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तात्यांनी तेवढंच लिहून सह्या घेतल्या. चार पानी भाषण खिशातच राहिलं म्हणून मी हळहळलो. आता कळतं, टाळ्या ते खिशातच राहिलं म्हणूनच होत्या.