टेलरबाईचं थांबायचं ठरलं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या टेलरबाईच्या किडन्या जेमतेम तीस टक्के काम करत होत्या आणि तिला मूल हवं होतं. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून दवाखान्यात मी सोबत गेले.

"रक्तदाबाची गोळी चालू आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बंद केली. बाळाला वाईट असते म्हणे."

"अगं, ती आम्ही बदलून देतो. आपल्या मनाने सोडायची नसते! दाब वाढला की किडन्या आणखी बिघडतात." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी मनाई करत नाही. पण बाळ बहुधा वेळेआधी येईल, लहानखुरं असेल. आणि तुझ्यावर डायलिसिसची वेळ लवकर येऊ शकते."

"थांबले तर?"

"किडन्या सुधारणार नाहीत. पण पुढे नवी किडनी बसली आणि वर्षभर नीट चालली, तर धोका बराच कमी होईल."

जिन्यात ती म्हणाली, "काकू, मी डायलिसिसवर असताना बाळाला कोण बघणार?"

"मी आहे की."

"तुम्ही? तुम्हाला एक मजला चढायला तीनदा बसावं लागतं!" आम्ही दोघीही हसलो. दुसरं नाव मात्र कोणालाच सुचलं नाही.

घरी येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. "आत्ता नको, थांबू या," एवढंच बोलली, तोच रेंज गेली. तिने फोन तसाच कानाशी धरून ठेवला.