लॅपटॉपमधला दादा

माझं लग्न धाराशिवलाच झालं. थोरला दादा परदेशात नोकरीला. सुट्टी मिळत नाही म्हणाला, पण अक्षतांच्या वेळी व्हिडिओवर येतो, असं त्यानं आईला कबूल केलं होतं. म्हणून मांडवात पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर लॅपटॉप मांडला होता. आई सारखी वाकून कॉल लावायची. रिंग जायची, दादा उचलायचा नाही. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा लॅपटॉपचा पडदा काळा पडला होता.

पुढं अल्बमचे फोटो निवडायला आई मला घेऊन स्टुडिओत गेली. तिथं तिनं मोबाईलमधला दादाचा हसरा फोटो स्टुडिओवाल्यापुढं धरला. "एवढा त्या लॅपटॉपात बसवा. पावणे विचारतेत."

"आई, तो आला नव्हता," मी म्हणाले.

"अल्बममदी तरी येऊ दे."

स्टुडिओवाल्यानं दादाचा फोटो चारी कोपरे ओढून तिरक्या पडद्यात बसवला. कॅलेंडर चिकटवल्यासारखं दिसलं. तो म्हणाला, "काच हाय ताई. मांडवातल्या ट्यूबा काचंवर पडल्यात, त्या झाकल्या की खोटं लगेच कळतंय." मग त्यानं मूळच्या काळ्या पडद्याचीच एक प्रत दादाच्या वर ठेवली आणि अशी मिसळली, की काळं तेवढं विरून गेलं, उजेड राहिला. ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा दादाच्या कपाळावरून गेला. दादाचे रंग जरा फिके केले, कडा थोड्या मऊ केल्या. आता तो खरंच मांडवात होता.

त्याच्या गालावर काहीतरी पिवळसर दिसत होतं. मी वाकून पाहिलं. काचेत उमटलेली आईची साडी होती, आणि वर तिचा पुसट चेहरा. कॉल लावायला वाकलेली, वाट बघणारी.

"आईचं तेवढं काढता येईल का?" मी हळूच विचारलं.

"काढलं तर कुणी खरं मानणार न्हाय."

आईनं काही ऐकलं नाही. ती दादाकडं बघत होती.

अल्बम घरोघर फिरला. दादा आला नाही म्हणून लग्नात रागानं जेवले नव्हते ते आमचे चुलते अण्णाही लोकांना सांगू लागले, "पोरगं व्हिडिओवर व्हतं की." आईनं तो फोटो दादालाही पाठवला. त्यानं हात जोडल्याची खूण धाडली. हे कधीचं, असं विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत तो आला. जेवताना मला राहवलं नाही. "दादा, माझ्या लग्नात फोन का उचलला नाहीस रे?"

त्यानं मोबाईल काढला, फोटो शोधला, बोटांनी मोठा केला. "हा काय मी! ट्यूबचा उजेड पडलाय बघ तोंडावर. लई रडलो होतो त्या दिवशी."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं. मी आईकडं पाहिलं.

"व्हता की तो," आई त्याच्या पोळीवर तूप वाढत म्हणाली. "तू अंतरपाटाआड व्हतीस. तुला कुठनं दिसणार?"

मी ताट उचललं आणि आत गेले.