राजीनाम्यातला खोडलेला परिच्छेद

माझ्या टेबलावर राजीनामे येतात. मनुष्यबळ विभागात बावीस वर्षं काढलेल्या बाईला राजीनाम्याचं कौतुक राहत नाही. शेवटची तारीख बघायची, नोटिशीचे दिवस मोजायचे, 'वैयक्तिक कारणास्तव' ह्या शब्दांवरून नजर फिरवायची आणि फाइल लावायची. पण डायरीवाल्यांचा राजीनामा मी लाल पेनने तपासला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

डायरीवाले म्हणजे आमचे देखभाल विभागाचे मॅनेजर. वय सेहेचाळीस, नोकरी सतरा वर्षांची. प्रत्येक मशीनची त्यांच्याकडे डायरी होती. ग्रीस कधी भरलं, बेअरिंग कधी बदललं, कोणती मोटर उन्हाळ्यात कुरकुर करते, सगळं त्यात. मोटरवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. पोरं हसायची, म्हणायची, साहेब नाडी बघतायत. दोन दिवसांनी डायरीवाल्यांनी सांगितलेलंच बेअरिंग जायचं आणि पोरं गप्प व्हायची.

असा माणूस एक दिवस माझ्यासमोर कागद घेऊन बसला. "मॅडम, जरा बघता का? भाषा बरोबर आहे ना?"

नोकरी सोडून त्यांना स्वतःचं काम सुरू करायचं होतं. लहान कारखान्यांना देखभालीचा मॅनेजर परवडत नाही. त्यांच्याकडे महिन्यातून दोन-तीन दिवस जायचं, मशीन तपासायची, वेळापत्रक लावून द्यायचं. सल्लागार. कल्पना चांगली होती. घरी मात्र बायको महिनाभर धड बोलली नव्हती. शेवटी तिने एकच विचारलं होतं, "पहिलं गिऱ्हाईक कोण?" आणि ह्यांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं, "आपलीच कंपनी!"

कारण डायरेक्टर साहेबांनी शब्द दिला होता. "जा तुम्ही खुशाल. पण महिन्यातून दोन दिवस आमच्याकडे यायचं, सल्लागार म्हणून." पाठीवर थाप मारून म्हणाले होते म्हणे.

राजीनाम्यात तिसरा परिच्छेद त्याचाच होता. 'आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार, कार्यमुक्त झाल्यानंतर मी महिन्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून कंपनीचं काम पाहीन.' मी त्यावर आडवी रेघ मारली.

"हे इथे नको," मी म्हटलं. "राजीनामा बिनशर्त असावा लागतो. पुढचं काम त्यात घातलं की उद्या कोणीही म्हणेल, हा अट घालून गेला. त्यासाठी वेगळं पत्र करा. कामाचे दिवस, मुदत, फी, सगळं लिहून साहेबांची सही घ्या. आणि नोटिशीचे तीन महिने संपायच्या आत घ्या."

मी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर होतं. आजही कोणी विचारलं तर तेच सांगेन. डायरीवाल्यांनी कागद पुन्हा छापून आणला. तीन परिच्छेदांचे दोन झाले. साहेबांनी त्याच दिवशी राजीनामा स्वीकारल्याचं पत्र दिलं, कार्यमुक्तीची तारीख घालून. ते टाइप मीच केलं.

पण वेगळं पत्र काही निघेना. पहिल्या महिन्यात मी विचारलं. म्हणाले, "साहेब दौऱ्यावर आहेत." दुसऱ्या महिन्यात विचारलं. म्हणाले, "आता शब्द दिलाय त्यांनी, कागद पुढे केला तर बरं दिसेल का?" मला चीड आली. मशीनच्या बाबतीत हा माणूस कोणाच्या बापाचा शब्द मानायचा नाही, स्वतः हात लावून बघायचा. आणि इथे ह्याला संकोच! तिसऱ्या महिन्यात वार्षिक पगारवाढीची धांदल सुरू झाली आणि माझ्या ते डोक्यातून गेलं. गेलं म्हणजे गेलंच, त्याला आता काय सबब देऊ.

त्या तीन महिन्यांत ते एकच काम करत होते. जबाबदारी सोपवायची टिपणं. त्यांच्या हाताखालची इंजिनिअर त्यांची जागा घेणार होती. सतरा वर्षांच्या डायऱ्या उपसून त्यांनी तिच्यासाठी दोनशे बारा पानं लिहिली. प्रत्येक मशीनचं वेगळं प्रकरण. कॉम्प्रेसरचीच अकरा पानं होती. 'ह्याला ग्रीस जास्त भरू नये. आवाज आला की माणसं ग्रीस भरतात, त्याने बेअरिंग आणखी तापतं. आधी हात ठेवून बघावं.' तळहाताने काय ओळखायचं तेसुद्धा लिहिलं होतं.

मी म्हटलं, "अहो, सगळंच लिहून दिलंत तर तुम्हाला बोलावेल कोण? चार पानं ठेवा की मागे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मशीन बंद पडेल ना मॅडम."

शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला. साहेब त्या दोनशे बारा पानांची फाइल हातात घेऊन उभे राहिले, तिचं वजन केल्यासारखं खालीवर केलं आणि म्हणाले, "ह्यांनी असं काम करून ठेवलंय, की आता आपल्याला ह्यांची गरजच उरली नाही!"

टाळ्या पडल्या. साहेबांच्या मनात काही वाकडं नव्हतं, ते खरोखर कौतुकच करत होते. महिन्यातून दोन दिवस बोलावण्याचं ते साफ विसरले होते. डायरीवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी समोरच्या रांगेत होते. त्यांचे हात वाजत होते आणि डोळे मला शोधत होते. मी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना त्या शब्दाची आठवण करून द्यायला गेले. ते म्हणाले, "हो का? म्हणालो होतो का मी? पण राजीनाम्यात तर तसं काही नाही." आणि डायरीवाल्यांच्या नोकरीची फाइल उघडून त्यांनी मला तो दोन परिच्छेदांचा कागद दाखवला.

सात आठवड्यांनी अनुभवाचा दाखला द्यायला मी स्वतः गेले. पोस्टाने पाठवता आला असता. एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांनी खोली घेतली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर कोरं वेळापत्रक. पाहुण्यांच्या खुर्चीवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते बसले होते. रोज नऊला येतात, सहाला जातात. घरी सांगितलंय, काम सुरू आहे.

"कॉम्प्रेसर कसा आहे?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"एकदाही बंद पडला नाही. ती पोरगी तुमची फाइल उघडूनच बसते."

"वा!" ते मनापासून हसले. हसू जरा वेळ चेहऱ्यावर राहिलं आणि मग ओसरलं. "म्हणजे विचारायला फोन करायची वेळ आली नाही तिच्यावर."

त्यांनी टेबलावरचा मोबाइल उचलला, उलटसुलट करून बघितला. "मॅडम, जरा ह्याला फोन लावून बघता? ह्या खोलीत रेंज येते की नाही, कळत नाही."

मी पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला. त्यांच्या हातातला फोन लगेच खणखणीत वाजला. त्यांनी तो उचलला नाही. तीन वेळा, चार वेळा वाजू दिला. ते शर्टची कॉलर नीट करत होते. मग समोरची डायरी उघडली, पेनचं टोपण काढलं आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार," ते म्हणाले. "बोला, कोण बोलतंय?"

आमच्या दोघांत एक टेबल होतं. मी फोन कानावरून काढला नाही.

"कंपनीतून बोलतेय," मी म्हटलं.

त्यांनी पेन कागदावर टेकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हां, सांगा. कोणतं मशीन?"