आप्पानं ऐकलेलं पहिलं ‘नको’

आटपाडीचा आप्पा वाढायला उभा राहिला की पंगतीत ‘नको’ला किंमत नसे. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून आमटी सोडी. “पहिलं नको लाजंचं असतंय गड्या, दुसरं रीतीचं. तिसऱ्याला बघू,” म्हणे, आणि तिसऱ्यालाही वाढे. कराडच्या वसतिगृहात मी चार वर्षं त्याच्या खोलीत काढली आणि बाळसं धरून बाहेर पडलो.

प्रेमातही तो वाढपीच. वर्गातली सुनंदा दर शनिवारी सांगलीला घरी निघे. “येऊ नको रे,” असं ती सांगत असतानाच हा एसटीत तिच्या शेजारी बसलेला असे. तिला घराच्या कोपऱ्यापर्यंत पोचवून मिळेल त्या गाडीनं परत येई. आम्हाला त्याचं कोण कौतुक!

शेवटच्या वर्षी ती सुट्टीला गेली आणि मैत्रिणीच्या हाती चिठ्ठी आली. ‘आपण लग्न करावं असं मला आता वाटत नाही. विचार करून ठरवलंय. मनवायला येऊ नकोस.’ आप्पानं तर आईला लग्नाचं सांगून टाकलं होतं, आणि आईनं सुनेसाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं. त्या दिवशी मेसमध्ये आम्ही आपापलं वाढून घेतलं.

“सांगलीची गाडी धर. दारात बसलास की विरघळेल,” मी शहाणपणा शिकवला.

“न्हाई गड्या. भाकरीचं येगळं, माणसाचं येगळं. पर कुटं चुकलं ते कळंना. तेवढं इचारतो.”

एसटीडी बूथमधून त्यानं सुनंदाला फोन लावला, मी दाराशी उभा होतो. “आत्ता बोललं तर चालंल का?” त्यानं आधी विचारलं. मग म्हणाला, “चिठ्ठी मिळाली. तू ठरवलंस ते मला मान्य हाय. मनवायला फोन केला न्हाई. एकच इचारतो, न्हाई सांगितलंस तरी राग न्हाई. माझं काय चुकलं?”

मग तो नुसता ऐकत राहिला. दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी म्हणाला, “व्हय. खरं सांगितलंस, बरं केलंस. सुखात ऱ्हा.” आणि फोन ठेवला.

बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं, “तिला आठवड्यातनं एकदा खिडकीशी एकटीनं बसून घरी जायचं असायचं. दर शनवारी सांगत हुती. म्हणली, माझं ‘नको’ तू आज पहिल्यांदा ऐकलंस.”

“अरे, पण तू मायेनं जात होतास. सांगायचंस की तिला.”

“ते सांगत बसलो असतो तर पुन्यांदा वाढल्यागत झालं असतं.” एवढं बोलून तो रडला. मग नाक पुसून त्यानं मला चहा पाजला, तोही मला विचारून.

काही वर्षांनी आटपाडीला त्याच्या घरी जेवायला गेलो. आप्पा वाढत होता. मी सवयीनं ताटावर हात धरला, “नको नको.” आप्पा पुढच्या ताटाकडे गेला. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. “भावजी, आमच्यात एकदाच इचारत्यात,” ती हसत म्हणाली.

मला खरं तर आणखी एक भाकरी हवी होती. मित्राचा फार अभिमान वाटला, आणि मी अर्धपोटी उठलो.